सवलतीच्या चार ओळींत काय लिहायचे?

ऑनलाइन वर्ग सुरू होण्याआधी इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘अर्ली बर्ड ऑफर’चे चित्र येते. खाली कॅप्शन असते, ‘मर्यादित काळासाठी खास सवलत, त्वरा करा!’ सवलत कधी संपणार आणि पैसे भरल्यावर हाती काय पडणार, हे मात्र त्यात कुठेच नसते. मग मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येत राहतात आणि वर्ग संपल्यावर कुरबुरी सुरू होतात. त्यातल्या बऱ्याचशा कुरबुरींचे मूळ या चार ओळींतच असते.

समजा, एक शिक्षिका मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग सुरू करते आहे. तिचे कॅप्शन असे असावे :

‘मोडी लिपी वर्ग. रविवार, 15 नोव्हेंबर, रात्री 11:59 (भारतीय वेळ) पर्यंत 1,800 रुपये. त्यानंतर 2,500 रुपये. दोन्ही रकमा करांसहित.
काय मिळेल : रेकॉर्ड केलेले 12 धडे, प्रत्येकी साधारण 40 मिनिटांचे. 29 नोव्हेंबरपासून चार रविवारी सकाळी 10 ते 11 थेट शंकानिरसन. सरावासाठी 60 पानांची पीडीएफ. धडे 29 मे पर्यंत पाहता येतील.
काय मिळणार नाही : छापील पुस्तक आणि सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र.
पहिल्या थेट तासाआधी कळवल्यास पूर्ण पैसे परत. नोंदणीची लिंक प्रोफाइलमध्ये.’

इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी मजकूर दाबून उघडावा लागतो. म्हणून तारीख आणि दोन्ही किमती अगदी सुरुवातीला. कॅप्शनमधली लिंक तिथे सहसा उघडत नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये.

मुदत लिहिताना सर्वाधिक घोळ होतो तो ‘15 तारखेच्या रात्री 12’ या शब्दांनी. काहींच्या लेखी ती 14 आणि 15च्या मधली मध्यरात्र, तर काहींच्या लेखी 15 आणि 16च्या मधली. 11:59 लिहिले की वाद उरत नाही. सोबत वार दिला की तारीख चुकली असल्यास लगेच लक्षात येते. परदेशातले मराठी लोकही असे वर्ग लावतात. भारतात 11:59 वाजतात तेव्हा दुबईत रात्रीचे 10:29 आणि नोव्हेंबरातल्या लंडनमध्ये संध्याकाळचे 6:29 झालेले असतात. म्हणून ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द हवेतच.

किमतीतही एक खाच आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या शिक्षकाला अशा वर्गावर 18 टक्के कर लावावा लागतो. कॅप्शनमध्ये 1,800 लिहून पैसे भरायच्या पानावर 2,124 मागितले, तर माणूस तिथेच थबकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023च्या नोव्हेंबरमध्ये फसव्या ऑनलाइन रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत 13 प्रकार दिले आहेत. शेवटच्या टप्प्यावर किंमत वाढवत नेणे हा त्यांतला एक, आणि खोटी घाई निर्माण करणे हा दुसरा.

खोटी घाई ओळखणे अवघड नाही. पान पुन्हा उघडल्यावर उलटी मोजणी करणारे घड्याळ पहिल्यापासून सुरू झाले, तर ती मुदत खरी नाही. रेकॉर्ड केलेल्या धड्यांना जागांची मर्यादा नसते, त्यामुळे नुसत्या धड्यांसाठी ‘फक्त 5 जागा उरल्या’ असे लिहिले असेल तर कारण विचारावे. थेट तासाला मात्र मर्यादा असू शकते, कारण एका तासात ठरावीक लोकांच्याच शंका सुटतात. तसे असेल तर तो आकडा कॅप्शनमध्ये लिहावा.

सर्वांत मोठी परीक्षा 16 तारखेच्या सकाळी असते. नोंदणी कमी झाली की ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ देण्याचा मोह होतो. ज्यांनी महिनाअखेरीची ओढाताण सोसून 15 तारखेच्या आत पैसे भरले, त्यांना ही मुदतवाढ फसवणूकच वाटते, आणि पुढच्या वर्गाच्या वेळी तेच लोक शेवटपर्यंत थांबून राहतात. मुदतीनंतर किंमत 2,500 व्हायलाच हवी. त्या किमतीला कधीच विकायचे नसेल, तर ती कॅप्शनमध्ये लिहू नये. सूट द्यावी ती एकाच कारणासाठी : 11:50ला पैसे भरताना यूपीआय अडकले असेल आणि त्याचा स्क्रीनशॉट असेल, तर जुनी किंमत मान्य करावी. हा नियमही आधीच नोंदणीच्या पानावर लिहून ठेवावा.

वर्ग लावणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी कॅप्शनचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण कॅप्शन नंतर बदलता येते. धडे किती, थेट तास किती, पाहण्याची मुदत किती आणि पैसे परत मिळण्याची अट काय, या चारपैकी एकाचेही उत्तर त्यात नसेल, तर आधी विचारा. उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नका, सवलत हुकली तरी चालेल.