देवाच्या दारची फरशी

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात एक जुना शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत असल्यामुळे तो ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखला जातो. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून त्याचा दगड गुळगुळीत झाला आहे. लेखात मात्र मोक्षाचं काही नाही. ती देणगीदारांची यादी आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कोणी किती दिलं, हे त्यात कोरलं आहे. देणाऱ्यांत खुद्द रामदेवराव यादवही आहे.

देवळातल्या संगमरवराबद्दल बोलायचं तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. आज गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेली पांढरी फरशी दिसली की पुरातत्त्ववाले कपाळाला हात लावतात. पण फरशी बसवणारा आणि साडेसातशे वर्षांपूर्वी दगडावर नाव कोरून घेणारा, दोघांची इच्छा एकच: देवाला काहीतरी द्यावं, आणि ते दिसावं, टिकावं. भक्त अडाणी आहेत असं धरून बोलणी सुरू केली की ती तिथेच संपतात.

तरीही फरशीचं आणि ऑइल पेंटचं काम दगडाला बाधतं, हे खरंच आहे. आपली जुनी देवळं बहुतेक काळ्या बसाल्टची. भिंतीला आतून-बाहेरून घडीव दगड आणि मधे भराव. बसाल्ट घट्ट असला तरी सांध्यांतून, बारीक छिद्रांतून आणि त्या भरावातून ओल फिरत असते. जमिनीतून ती वर चढते, अभिषेकाचं पाणी तिच्यात भर घालतं. पूर्वी ती सांध्यांतून हळूहळू वाळून जायची. वर ऑइल पेंट चढला की बाहेर पडायची वाट बंद होते. ओलीबरोबर आलेले क्षार रंगामागे साचून त्यांचे स्फटिक होतात, फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणून खांबावरच्या रंगाला फोड आले, खाली पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसू लागला, तर नवा हात मारणं हा त्यावरचा इलाज नव्हे. दुखणं मागे आहे.

फरशीचं दुखणं दुहेरी. तिच्याखालचं सिमेंट स्वतःच क्षार आणतं आणि दगडाला असं चिकटतं की पुढे फरशी काढताना दगडाचाही टवका निघतो. शिवाय दर थराने जमीन दोन-तीन इंच वर येते. खांबाची नक्षीदार बैठक पुरली जाते, उंबरा बुटका होतो आणि अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी मोरी बुजते. पाणी साचलं की देऊळ ‘ओलं’ म्हणून आणखी एक थर! फरशी लाकडी ठोकळ्याने हलकेच वाजवून पाहावी. आवाज पोकळ आला तर खाली ओल किंवा सुटलेलं सिमेंट असण्याची शक्यता मोठी.

पंढरपुरात हेच ओझं उतरवण्याचं काम २०२४ मध्ये राज्य पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली झालं. गाभारा आणि चौखांबीतली संगमरवरी, ग्रॅनाइटची फरशी निघाली, दगडावरचा चांदीचा पत्रा निघाला, मूळ काळा पाषाण दिसू लागला. या कामात तांत्रिक भागाइतकाच महत्त्वाचा होता तो वेळेचा तह. पदस्पर्श दर्शन १५ मार्चपासून बंद ठेवलं, पण सकाळचे काही तास मुखदर्शन चालू राहिलं. आषाढीची गर्दी येण्याआधी, २ जूनला, पदस्पर्श पुन्हा सुरू झालं. विठोबाला कुलूप लावून जीर्णोद्धार करायचा असं कोणी म्हटलं असतं, तर वारकऱ्यांनी तो होऊ दिला नसता, आणि त्यांचं चुकलंही नसतं. जुनी फरशी उचलताना मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाजाजवळ तळघर सापडलं. आत दगडी मूर्ती होत्या. फरशीखाली काय दडलंय हे फरशी बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

शेंदराची गोष्ट वेगळी. फरशी ही सजावट, शेंदूर ही उपासना. तिथे ‘बंद करा’ म्हणणं म्हणजे पूजाच थांबवा म्हणणं. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर साचून जाड कवच झालं होतं. २०२२ मध्ये २१ जुलैपासून मंदिर बंद ठेवून ते उतरवलं, भाविकांसाठी गडावर प्रतिकृतीच्या दर्शनाची सोय केली, आणि २६ सप्टेंबरला नवरात्राच्या पहिल्या दिवशी मूळ रूपातलं दर्शन खुलं झालं. इथेही कॅलेंडर उत्सवाने ठरवलं, तज्ज्ञांनी नव्हे. मला ते योग्यच वाटतं.

मग गावच्या देवळात मधला मार्ग कसा काढायचा? अर्धी फरशी आणि अर्धा दगड, हा तो मार्ग नाही. आधी विचारायचं की फरशी का हवी. गुरव सांगेल: तेल-तुपाने दगड निसरडा होतो, बायाबापड्या घसरतात. अडचण खरी आहे, पण तिचं उत्तर आहे बुजलेली मोरी मोकळी करणं, आणि उचलून धुता येईल अशी काथ्याची चटई. उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर पाय भाजत असतील तर तिथेही तीच चटई चालते. विश्वस्त सांगतील, देऊळ काळंकुट्ट, उदास दिसतं. बाहेरच्या भिंतीला पूर्वी चुन्याचा हात असेल, तर चुना पुन्हा द्यावा. चुना ओल अडवत नाही, आणि दर वर्षी सणापूर्वी रंगवण्याची हौसही भागते. नक्षीवर मात्र काहीच नको. देणगीदाराची अडचण सर्वांत नाजूक. त्याला नाव हवंय. ते देवळाबाहेर एका वेगळ्या शिळेवर कोरा, आणि त्याचे पैसे शिखराचे सांधे चुन्याने भरायला किंवा पन्हाळ दुरुस्तीला वापरा. वर्षाच्या देखभालीला दाता मिळाला, तर तो दहा फरश्यांपेक्षा मोलाचा.

लागलेला रंग काढणं हे घाईचं काम नाही. आधी तळहाताएवढ्या जागेवर चाचणी घ्यायची. कागदाच्या लगद्यात किंवा मातीत रंग सैल करणारं द्रव्य मिसळून त्याचा लेप लावायचा, वर प्लास्टिक झाकायचं, काही तासांनी लेप उतरवून मऊ नायलॉनच्या ब्रशने धुवायचं. ग्राइंडर, ॲसिड आणि वाळूचा फवारा यांनी काम दिवसात होतं, पण छिन्नीची मूळ खूण आणि दगडाची वरची कातडी त्याच्याबरोबर जाते. आणि सिमेंट इतकं चिकटलं असेल की काढताना कोरीव कामच जाईल, तर ते राहू द्यावं. सगळं मूळ रूपात परत येत नाही, हे गावाला आधीच सांगितलेलं बरं.

माझ्या आजोळच्या देवळात पिस्ता रंगाचे खांब आहेत. एका खांबाचा फोड बोटाने उचलला तर आतून ओल्या दगडाची भुकटी हातात आली. तुमच्या गावी यंदा रंगाचा ठराव येणार असेल, तर डबा उघडण्याआधी खांबांचे फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात मोरीतून पाणी वाहतं का ते पाहा, आणि देऊळ संरक्षित यादीत आहे का हे पुरातत्त्व विभागाकडे विचारा. यादीत असेल, तर परवानगीशिवाय ब्रश लावणंही गुन्हा ठरू शकतं.