सार्वजनिक यूएसबी पोर्ट : वीज घ्यावी, माहिती जाऊ देऊ नये

रेल्वे स्थानके, बसस्थानके, विमानतळ आणि उपाहारगृहे येथे मोबाइल चार्ज करण्याची सोय साधारणतः दोन प्रकारची असते. एक म्हणजे घरातल्यासारखा विजेचा सॉकेट. त्यात प्रवाशाला स्वतःचा चार्जर लावावा लागतो. दुसरा प्रकार यूएसबी पोर्टचा. त्यात केवळ केबल खोचली की काम भागते. दुसरा प्रकार अधिक सुटसुटीत वाटला, तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने दोहोंत मूलभूत फरक आहे. रिझर्व्ह बँकेने आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींविषयी मार्च २०२२ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत सार्वजनिक पोर्टमधून होऊ शकणाऱ्या माहितीच्या चोरीचा समावेश केला आहे. या प्रकाराला ‘ज्यूस जॅकिंग’ असे नाव पडले आहे. ही चोरी नेमकी कशी होऊ शकते, हे समजून घेतले म्हणजे खबरदारीचे उपायही आपोआप स्पष्ट होतात.

एकच वाट, दोन कामे

नेहमीच्या यूएसबी केबलच्या आवरणाखाली चार तारा असतात. त्यांपैकी दोन तारांतून ५ व्होल्ट दाबाची वीज येते आणि उरलेल्या दोन तारांतून माहितीची देवघेव होते. संगणकाला जोडून छायाचित्रे उतरवून घेताना याच दोन तारा उपयोगी पडतात. विजेच्या सॉकेटमधून मात्र केवळ वीजच मिळते आणि माहितीच्या तारा प्रवाशाच्या स्वतःच्या चार्जरपाशीच संपतात. सार्वजनिक पोर्टच्या बाबतीत त्या तारा भिंतीच्या वा खांबाच्या आत जातात. तेथे साधा वीजपुरवठा आहे की एखादा छोटा संगणक दडवून ठेवला आहे, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

हा धोका २०११ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरलेल्या संगणक सुरक्षातज्ज्ञांच्या ‘डेफ कॉन’ मेळाव्यात प्रथम ठळकपणे दाखवून देण्यात आला. तेथे मोफत चार्जिंगचा एक खांब उभारला होता. त्याला फोन जोडताच खांबाच्या पडद्यावर सावधगिरीची सूचना झळके. सुरक्षा हाच ज्यांचा व्यवसाय, अशा मंडळींपैकीही साडेतीनशेहून अधिक जणांनी त्या खांबाला आपले फोन जोडले होते. पुढे २०१३ मध्ये जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी चार्जरसारखे भासणारे एक उपकरण तयार केले आणि ते जोडल्यापासून एका मिनिटाच्या आत आयफोनमध्ये घातक प्रोग्राम बसवता येतो, हे सिद्ध केले.

पडद्यावरील प्रश्नाचा पहारा

यानंतर फोनच्या कर्त्यांनी दारावर पहारा बसविला. त्याच वर्षीपासून आयफोन माहितीची वाट उघडण्यापूर्वी “Trust This Computer?” असा प्रश्न विचारू लागला. अँड्रॉइड फोनही २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून केबल जोडल्यावर प्रथम केवळ चार्जिंगच करतो आणि मालकाने परवानगी दिल्यावाचून माहिती देत नाही. फोनच्या मालकाने होकार दिला नाही तर चोराला दार उघडत नाही, असा या व्यवस्थेमागील विचार होता.

परंतु हा होकार फोनच्या मालकानेच दिला आहे, याची खात्री कोणी करावयाची? ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. त्यांच्या बनावट चार्जरने फोनला प्रथम ‘मी कळफलक आहे’ असे भासविले. कळफलक जोडण्यास बहुतेक फोन परवानगी विचारत नाहीत. या खोट्या कळफलकाने कळा दाबल्याचे संकेत पाठवून फोनचे ब्लूटूथ सुरू केले आणि चार्जरमध्येच दडविलेला दुसरा, बिनतारी कळफलक फोनशी जोडून घेतला. त्यानंतर चार्जरने आपली भूमिका बदलून ‘मी संगणक आहे’ असे जाहीर केले. साहजिकच पडद्यावर परवानगीचा प्रश्न आला आणि त्याला बिनतारी कळफलकाने परस्पर ‘होय’ असे उत्तर दिले. चोराने स्वतःच दार ठोठवावे आणि आतून कडीही स्वतःच काढावी, असा हा प्रकार होता. आठ कंपन्यांच्या ज्या फोनांवर हा प्रयोग झाला, त्या सर्वांतून छायाचित्रे, कागदपत्रे यांसारख्या फाइली मिळविता आल्या. दोन कंपन्यांच्या बाबतीत तर फोन कुलूपबंद असतानाही हे साधले.

ही उणीव कळल्यावर आयफोनच्या १८.४ या आवृत्तीत आणि अँड्रॉइड १५ मध्ये परवानगीसाठी केवळ ‘होय’ पुरेसे न मानता पासकोड वा बोटाचा ठसा यांसारखी ओळख पटविण्याची तरतूद करण्यात आली. खोट्या कळफलकाला हा अडसर पार करता येत नाही. मात्र अँड्रॉइडच्या सर्व उत्पादकांनी ही तरतूद सारख्याच प्रमाणात अमलात आणलेली नाही. शिवाय ज्या जुन्या फोनांना नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, ते पूर्वीच्याच पहाऱ्यावर अवलंबून आहेत.

भय किती, खबरदारी कोणती

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. वरील सर्व उदाहरणे प्रात्यक्षिकांची व प्रयोगशाळेतील आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतील तपास यंत्रणेने या धोक्याबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा तेथील दळणवळण आयोगाने प्रत्यक्ष चोरीची खात्रीशीर घटना आपल्यास ज्ञात नसल्याचेही नमूद केले होते. तेव्हा घबराटीचे कारण नाही. तथापि ग्रामसेवकाच्या वा मुख्याध्यापकाच्या फोनमध्ये आज लाभार्थ्यांच्या आधारपत्रांच्या प्रती, विद्यार्थ्यांच्या याद्या आणि बँकेची कागदपत्रे असतात. ही माहिती त्याची एकट्याची नसते. धोका विरळ असला, तरी तो टाळण्यास खर्च जवळजवळ नाही, हे ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःचा चार्जर व स्वतःची केबल घेऊन विजेच्या सॉकेटचा वापर करणे. स्वतःची पॉवर बँक जवळ असल्यास तीही तितकीच निर्धोक होय. अनोळखी ठिकाणी आयती ठेवलेली केबल वापरू नये, कारण केबलच्या टोकातही लहानसे यंत्र बसविता येते. सार्वजनिक पोर्टचाच आधार घेणे भाग पडले, तर ‘डेटा ब्लॉकर’ नावाची छोटी जोडणी मध्ये लावावी. तिच्यात माहितीच्या तारा पुढे जोडलेल्याच नसतात. तिच्यामुळे काही फोन सावकाश चार्ज होतात, एवढीच तिची मर्यादा. तीही नसेल तर फोन कुलूपबंद करूनच जोडावा आणि चार्जिंग चालू असताना तो उघडू नये. फोनमधील “USB debugging” ही सोय चालू असल्यास ती बंद ठेवावी.

केवळ वीज देणारा पोर्ट फोनला कोणताही प्रश्न विचारावयास लावत नाही. म्हणून केबल जोडताच परवानगीचा प्रश्न दिसला, ब्लूटूथ आपोआप सुरू झाले किंवा पडदा कोणी हात न लावता हलू लागला, तर पलीकडे साधा चार्जर नाही असे समजावे. अशा वेळी प्रश्नाचे उत्तर देत न बसता प्रथम केबल काढावी. नंतर ब्लूटूथच्या यादीतील अनोळखी जोडणी काढून टाकावी आणि त्या ठिकाणच्या व्यवस्थापनास कळवावे. आर्थिक व्यवहाराबाबत शंका आल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, वाचनालयात किंवा बसथांब्यावर नागरिकांसाठी चार्जिंगची सोय करावयाची झाल्यास यूएसबी पोर्टऐवजी साधे विजेचे सॉकेट बसविणे श्रेयस्कर. पोर्टमागे काय दडले आहे, याची शंका घेण्याचे कारणच मग येणाऱ्या-जाणाऱ्यास उरत नाही.