काढ्यावर साय कुठून आली?

पावसाळ्यात घरात दोघं-तिघं शिंकायला लागले की मोठ्या पातेल्यात काढा चढतो. गवती चहा, आलं, तुळस, सुंठ, चार मिरी आणि गुळाचा खडा. कुणीतरी म्हणतं, "एकदाच करून ठेवू, चार दिवस पुरेल." पातेलं झाकून ओट्यावरच राहतं. तिसऱ्या दिवशी झाकण काढावं तर वर पातळ, सुरकुतलेली साय! काढ्यात दुधाचा थेंबही नव्हता. शिवाय तो चांगला खळखळून उकळला होता, म्हणजे त्यातले जंतू मरायला हवे होते. मग ही साय आली कुठून?

याच कोड्याने लंडनमधल्या जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाला फार छळलं होतं. गंमत म्हणजे तोही काढाच करत होता, वाळलेल्या गवताचा! गवत पाण्यात भिजवायचं, पाणी गाळायचं, उकळायचं आणि बाहेरची धूळ शिरणार नाही असं बंद ठेवायचं. आधीच्या प्रयोगांत त्याचे असे अर्क पाच मिनिटं उकळले तरी टिकत होते. पण 1876 साली जुनं, वाळकं गवत प्रयोगशाळेत आलं आणि सगळं बिनसलं. तासन् तास उकळला तरी अर्क गढूळ व्हायचा.

उत्तर गवतातच होतं. मातीत राहणारे काही जिवाणू आजूबाजूला पाणी, अन्न मिळेनासं झालं की स्वतःभोवती जाड कवच करून झोपी जातात. अशा झोपलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. उकळत्या पाण्याचे 100 अंश सेल्सिअस जाग्या जिवाणूंना मारतात, पण काही बीजाणू त्यातूनही तासन् तास तगून राहतात. फर्डिनांड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 मध्येच गवतातल्या अशा जिवाणूचे बीजाणू दाखवून दिले. बॅसिलस सबटिलिस हे त्या जिवाणूचं नाव. पातळ पदार्थावर सुरकुतलेला पापुद्रा धरणं ही त्याची खास सवय! आपल्या सुंठीला, मिरीला आणि गवती चहाच्या पातीला मातीतले असे बीजाणू सहज चिकटलेले असतात.

टिंडलने 1877 मध्ये मोठी छान युक्ती काढली. झोपलेले मरत नाहीत ना? मग त्यांना जागं होऊ द्यायचं! अर्क एकदा उकळायचा आणि ठेवून द्यायचा. कोमट अर्कात बीजाणू उमलतात, कवच टाकतात. ते पुन्हा कवच करण्याआधीच परत उकळायचं. असं काही वेळा केलं की अर्क टिकायचा.

मग आपणही रोज काढा उकळावा का? नको. सगळे बीजाणू वेळेवर जागे होतीलच असं नाही. पळी बुडवली, झाकण उघडं राहिलं की नवे पाहुणेही येतात. काढा फसफसतो, तो बऱ्याचदा अशा बाहेरून आलेल्या यीस्टमुळे. शिवाय काही जिवाणूंनी एकदा विष तयार केलं, की ते पुन्हा उकळूनही जात नाही.

खरी गडबड होते पातेलं निवताना. चार लिटरचं झाकलेलं पातेलं कितीतरी तास कोमट राहतं आणि कोमटपणा जिवाणूंना फार आवडतो. समजा, एक बीजाणू जागा झाला आणि दर अर्ध्या तासाला जिवाणूंची संख्या दुप्पट झाली. दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दहा लाखांहून जास्त! फ्रिजच्या 4-5 अंशांत त्यांचा हा वेग फार मंदावतो, पण पूर्ण थांबत नाही.

म्हणून काढा करून ठेवायचाच असेल, तर घरातल्या मोठ्यांना तो लगेच गाळायला सांगा, कारण पाला-चोथा आत ठेवण्यात काही फायदा नाही. मग तो दोन-तीन पसरट भांड्यांत ओतून ती गार पाण्याच्या परातीत ठेवायची. दोन तासांच्या आत काढा उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये जायला हवा. गूळ, लिंबू, दूध आयत्या वेळी घालावं. लागेल तेवढाच कपभर काढून उकळायचा आणि तीन दिवसांत बाटली संपवायची.

दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी पांढरट गाळ दिसला तर घाबरू नका, ती बहुधा आल्यातली पिठूळ पूड असते. काढ्यात चहापत्ती असेल तर गार झाल्यावर तो ढगाळ दिसतो आणि गरम केला की पुन्हा स्वच्छ होतो. तेही बिघडणं नव्हे. पण गरम करूनही गढूळपणा गेला नाही, वर पापुद्रा किंवा बुडबुडे दिसले, आंबूस वास आला, तर चव घेऊन बघू नका, सरळ ओतून द्या. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला काढा दिसायला कितीही छान असला, तरी तोही ओतूनच द्या. सगळेच जंतू काही साय धरून आपली वर्दी देत नाहीत.