गरम माल, गळकी पिशवी

मे महिन्यातला एखादा रविवार घेऊ. मिरज-सांगलीकडच्या एखाद्या छोट्या खाणावळीच्या मागच्या दाराशी सकाळी नऊच्या सुमारास तीनचाकी टेम्पो येऊन थांबतो. वीस किलो चिकन, करी कट, चार पिशव्यांत. पोरगा पिशव्या उतरवतो तेव्हाच खालून गुलाबी पाण्याची धार लागलेली असते आणि पिशवीला हात लावला तर ती कोमट लागते. मालक पुरवठादाराला फोन लावतो. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : “शेठ, गरम आहे म्हणजे ताजं आहे. पहाटेच कापलंय.”

या उत्तरात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढणं अवघड जातं. जिवंत कोंबडीचं शरीर माणसापेक्षा बरंच उष्ण, जवळजवळ ४१-४२ अंश सेल्सिअस असतं. आपल्याकडे दुकानात डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी गरमच घरी येते, तासाभरात फोडणीला पडते आणि कुणाचं काही बिघडत नाही. त्यामुळे ‘चिकन गरम आलं’ एवढ्याच वाक्यावर उभी असलेली तक्रार पहिल्याच फोनला कोसळते. प्रश्न गरमपणाचा नसून किती वेळ गरम राहिलं याचा आहे.

पहाटे पावणेसहाला कापलेली कोंबडी नऊ वाजून दहा मिनिटांनी २८ अंशांवर असेल, तर ती साडेतीन तासांत कधीच नीट थंड झालेली नाही. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि साफसफाईत तो मांसावर येतो. अशा उबेत त्याची संख्या साधारण अर्ध्या ते पाऊण तासात दुप्पट होते. सुरुवातीचा सुस्त काळ वजा केला तरी तेवढ्या वेळात चार-पाच वेळा दुप्पट, म्हणजे सोळा ते बत्तीसपट. पाच अंशांच्या आसपास हीच वाढ जवळपास थांबते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियमही थंड ठेवायचे पदार्थ पाच अंश किंवा त्याखाली ठेवायला सांगतात, ते याच कारणासाठी.

गळतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्यामागे बहुतेकदा दुसराच जंतू असतो : कॅम्पिलोबॅक्टर. त्याला वाढायला तीसच्या वर तापमान आणि कमी प्राणवायू लागतो, त्यामुळे टेम्पोतल्या पिशवीत तो फारसा वाढत नाही. पण त्याला वाढायची गरजही नसते, कारण काही शे जंतू माणसाला आजारी पाडायला पुरतात. पिशवीतून गळणारं ते गुलाबी पाणी (ते रक्त नव्हे, धुण्याचं पाणी आणि मांसातून सुटलेला रस यांचं ते मिश्रण असतं) त्याला कांद्याच्या पोत्यापर्यंत, कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत, कोशिंबिरीच्या विळीपर्यंत घेऊन जातं. “शिजवलं की सगळं मरतं” हा पुरवठादारांचा दुसरा आवडता युक्तिवाद इथे तोकडा पडतो. चिकन शिजेल, कोशिंबीर शिजणार नाही.

तक्रारीच्या पत्रात म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या लागतात आणि दोन्हींना आकडे लागतात. आकडे मिळवायला पंधरा मिनिटं पुरतात, पण ती माल दारात असतानाची पंधरा मिनिटं असावी लागतात.

पहिला आकडा तापमानाचा. सुईसारखी दांडी असलेला अन्नाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो पिशवीवर टेकवायचा नाही, पिशवीच्या मध्यभागी छातीच्या जाड तुकड्यात खुपसायचा. लांबून लाल ठिपका टाकणारी बंदूक फक्त पृष्ठभाग मोजते, त्यामुळे वाद झाला की तिचा फार उपयोग होत नाही. थर्मामीटर खरा आहे का हे पाहायला पेलाभर ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी पुरतं : त्यात शून्याच्या आसपास दाखवलं पाहिजे. प्रत्येक नोंद झाली की दांडी धुऊन पुसायची, नाहीतर मोजमापच घाण पसरवतं.

दुसरा आकडा वजनाचा, आणि तो बहुतेक जण विसरतात. पिशवी काट्यावर ठेवायची, मग चिकन जाळीच्या क्रेटमध्ये काढून पाणी निथळू द्यायचं आणि पुन्हा वजन करायचं. बिलावर वीस किलो आणि निथळल्यावर १८ किलो ८०० ग्रॅम भरलं, तर सव्वा किलोच्या आसपास पाणी चिकनच्या भावाने विकत घेतलं गेलं. किलोला २४० रुपये धरले तर हे २८८ रुपये झाले. थोडं पाणी कोणत्याही धुतलेल्या कोंबडीतून सुटतंच, त्यासाठी भांडण नको. सहा टक्के मात्र जास्त झाले.

तिसरा आकडा वेळेचा, कापल्याचा आणि पोहोचल्याचा. कापल्याची वेळ पुरवठादाराकडूनच येते, तीही शक्यतो त्याने स्वतः दिलेल्या मेसेजमधून. वर फोनवर आलेलं “पहाटेच कापलंय” हे वाक्य मालकाच्या बाजूचा पुरावा ठरतं, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

वास यात कुठे बसतो? आंबूस वास, बोटाला लागणारा चिकट बुळबुळीतपणा, हिरवट छटा हे सगळं कुजण्याचं लक्षण आहे आणि दिसलं तर लिहावंच. पण आजारी पाडणारे जंतू वास न येताही भरपूर असू शकतात, म्हणून “वास नव्हता” या पुरवठादाराच्या उत्तराने तापमानाची नोंद खोटी ठरत नाही.

यानंतर पत्र. आचारी पातेलं चढवून वाट पाहतोय, गिऱ्हाईक बारापासून सुरू होणार, आणि पत्र लिहायला कुणाला वेळ आहे? तरीही ते त्याच सकाळी जायला हवं, निदान व्हॉट्सॲपवर. कारण मालविक्री कायदा १९३० च्या कलम ४२ प्रमाणे खरेदीदाराने वाजवी वेळेत नकार कळवला नाही किंवा माल स्वतःचा असल्यासारखा वापरला, तर त्याने तो स्वीकारला असं धरलं जातं. चिकन रश्श्यात पडलं की नाकारायचा मार्ग जवळपास बंद होतो, उरते ती फार तर किमतीत सूट मागण्याची जागा. उलट, नकार वेळेत कळवला असेल तर कलम ४३ प्रमाणे माल परत पोहोचवून द्यायची जबाबदारी खरेदीदारावर पडत नाही. पुरवठादाराने तो घेऊन जायचा.

असं पत्र लांबलचक असावं लागत नाही. आपल्या खाणावळीच्या मालकाने लिहिलं असतं तर साधारण असं :

“स. न. वि. वि. आज रविवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी आपल्या टेम्पोने २० किलो चिकन (करी कट, चार पिशव्या) आमच्याकडे पोहोचलं. सोबतच्या बिलाचा फोटो जोडला आहे. माल पहाटे पावणेसहाला कापल्याचं आपण मेसेजमध्ये कळवलं होतं. उतरवताना आपल्या चालकासमोर तीन पिशव्यांत तापमान घेतलं : २६, २८ आणि २९ अंश. पिशव्यांत किंवा टेम्पोत बर्फ नव्हता. दोन पिशव्या हाडांनी फाटलेल्या असून पाणी जमिनीवर आणि शेजारच्या कांद्याच्या पोत्यावर गळलं. ते पोतं आम्ही बाजूला काढलं आहे. निथळल्यावर वजन १८ किलो ८०० ग्रॅम भरलं. हा माल आम्ही वापरलेला नाही व स्वीकारत नाही. तो वेगळा, झाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे. आज दुपारी चारपर्यंत घेऊन जावा. बिलाची ४८०० रुपये रक्कम पुढच्या हिशेबातून वजा करावी. आम्हाला दुसरीकडून २६० रुपये भावाने वीस किलो घ्यावं लागलं, त्या फरकाचे ४०० रुपयेही आपण सोसावेत ही विनंती. माल थंड व न गळता कसा येईल, हे बुधवारच्या ऑर्डरआधी लिहून कळवावं. आपला व्यवहार जुना आहे आणि तो पुढे चालावा अशीच इच्छा आहे.”

या पत्रात ‘निकृष्ट’, ‘भयंकर’, ‘विश्वासघात’ असा एकही शब्द नाही. चालकासमोर मोजल्याचा उल्लेख मात्र आहे, आणि तो राग व्यक्त करणाऱ्या दहा ओळींहून जास्त कामाचा आहे. गळालेलं पोतं बाजूला काढल्याचं वाक्यही असंच हिशेबी आहे : उद्या एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं तर मालकाने काळजी घेतली होती याची नोंद तिथे सापडते.

बिलाचा फोटो का? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम २६ प्रमाणे पुढे विकणाऱ्याला अन्न देताना लेखी हमी द्यावी लागते, आणि बिल किंवा रोखीची पावती हीच हमी समजली जाते. ज्याच्याकडे फक्त पाटीवर खडूने किंवा पाकिटावर पेनाने लिहिलेला हिशेब आहे, त्याची ही बाजू लंगडी पडते. किलोमागे चार-दोन रुपये वाचवण्यासाठी बिलाशिवाय माल घेण्याची रीत छोट्या खाणावळींत सर्रास आहे. तक्रारीच्या दिवशी तिची किंमत कळते. ग्राहक आयोगाचा रस्ताही सोपा नाही, कारण पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार त्या कायद्यात सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. वारंवार असंच घडलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येतं. बहुतेक वेळा मात्र प्रकरण दोघांत मिटतं आणि मिटावं, कारण तालुक्याच्या गावात वीस किलो वेळेवर देणारे पुरवठादार असतात तरी किती?

आता पुरवठादाराची बाजू. रविवारी पहाटे त्याच्याकडे वीस-पंचवीस ऑर्डरी असतात, एकच टेम्पो असतो आणि ज्याची ऑर्डर शेवटच्या थांब्यावर, त्याचं चिकन सगळ्यात जास्त वेळ फिरतं. बर्फ टाकायला तो सांगितल्यावर तयारही होतो, पण मूठभर टाकतो. इथे साधं गणित उपयोगी पडतं. वीस किलो चिकन तीस अंशांवरून चारवर आणायला साधारण १८०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे नुसतं थंड करायलाच साडेपाच किलो बर्फ हवा. मे महिन्यातलं ऊन आणि टेम्पोचा पत्रा जी उष्णता आत ढकलतात तिच्यासाठी वेगळा. दहा किलोचा हिशेब धरला तर जरा बिनघोर राहता येतं. दोन-तीन किलो टाकले तर ते वितळून जातात, चिकन कोमटच राहतं, वर पिशवीत आणखी पाणी साठतं आणि गळती वाढते. म्हणून बर्फ चिकनमध्ये न मिसळता जाड पिशवीत वेगळा, झाकणाच्या थर्माकोल खोक्यात वर-खाली रचायचा. करी कटची टोकदार हाडं पातळ पिशवी हमखास फोडतात, त्यामुळे चिकनलाही दुहेरी जाड पिशवी किंवा झाकणाचा डबा लागतो.

याचा खर्च येतो. खोकं, बर्फ आणि रविवारी एक जादा फेरी धरून पुरवठादार किलोमागे चार रुपये वाढवून मागतो. मालक रविवारचे चार रुपये कबूल करतो. बुधवार-शुक्रवारी ऑर्डर पाच-सहा किलोचीच असते आणि कोंबडी फोन आल्यावर कापून पाऊण तासात पोहोचते, लगेच पातेल्यात जाते. त्या दिवसांसाठी जुनाच भाव ठेवायचा, फक्त बिलावर कापल्याची वेळ लिहायची, असं दोघांत ठरतं.