मर्यादेच्या आत राहूनही ढळणारे वजन

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी, जेथे तूर आणि सोयाबीन हीच शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशेबाची मुख्य पिके आहेत, तेथे तुरीची डाळ एक किलोच्या पिशव्यांत भरणारा एखादा लहान कारखाना आपण डोळ्यांपुढे आणू. कपाने माप घेऊन पिशवी भरणारे यंत्र, शेजारी तपासणीचा काटा, आणि दर अर्ध्या तासाला लागोपाठ पाच पिशव्या उचलून त्यांची वजने नोंदवहीत उतरवणारा कामगार, एवढाच त्याचा सरंजाम. या नोंदींवरून कंट्रोल चार्ट, म्हणजेच नियंत्रण आलेख, काढून तो पाळीच्या अहवालास जोडण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. परंतु तो आलेख वाचण्यासंबंधी काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की, आलेख समोर टांगलेला असूनही वजन हळूहळू ढळत जाते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिली समजूत अशी की, आलेखावरील वरची आणि खालची रेषा म्हणजे कायद्याने घालून दिलेली हद्द होय. वस्तुतः या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे एक किलोच्या पिशवीत जास्तीत जास्त १५ ग्रॅमची तूट चालते, आणि तपासलेल्या नमुन्याची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. हे ग्राहकाला दिलेले अभिवचन झाले. आलेखावरील रेषा मात्र यंत्राच्या स्वतःच्या वर्तनातून निघतात. यंत्र निरोगी असताना त्याच्या हातून किती चढउतार स्वभावतःच होतो, एवढेच त्या सांगतात. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या एका पानाच्या टिपणात हा आलेख प्रथम मांडला, तेव्हा त्यामागील विचार हाच होता की, स्वाभाविक चढउतार आणि कारणाने घडलेला फरक यांना एकमेकांपासून वेगळे करावे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ च्या हिवाळ्यात शूहार्ट स्वतः भारतात येऊन गेले, आणि येथील कारखान्यांत ही विद्या रुजण्यास त्यांच्या भेटीने मोठा हातभार लागला.

रेषा कशा काढाव्यात हे उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. यंत्र नीट चालत असताना पाच-पाच पिशव्यांचे वीस नमुने घेतले, प्रत्येक नमुन्याची सरासरी काढली, आणि नमुन्यातील सर्वांत जड व सर्वांत हलक्या पिशवीतील अंतर, ज्याला विस्तार म्हणतात, तेही लिहिले. समजा, वीस सरासऱ्यांची सरासरी १००६ ग्रॅम आली आणि विस्तारांची सरासरी ७ ग्रॅम आली. पाचच्या नमुन्यासाठी कोष्टकात ०.५७७ हा गुणक दिलेला असतो; ७ ला त्याने गुणले असता सुमारे ४ ग्रॅम येतात. म्हणून मध्यरेषा १००६ वर, वरची मर्यादा १०१० वर आणि खालची १००२ वर. विस्ताराचा आलेख वेगळा काढावयाचा; त्याची वरची मर्यादा २.११४ गुणिले ७, म्हणजे सुमारे १४.८ ग्रॅम. पाचही पिशव्या लागोपाठच्याच हव्यात. दिवसभरातून एकेक वेचून जो नमुना केला जातो, त्यात दिवसभराचा ढळही विस्तारात शिरतो, मर्यादा उगाच रुंद होतात, आणि जे दिसावयास हवे तेच झाकले जाते.

आता ज्या समजुतीमुळे सर्वांत अधिक नुकसान होते तिच्याकडे वळू : ‘सर्व बिंदू मर्यादेच्या आत आहेत, तेव्हा सर्व ठीक आहे.’ एका सकाळच्या पाळीतील सरासऱ्या पुढीलप्रमाणे आल्या असे धरा : १००६.४, १००५.२, मग १००६.८, १००७.०, १००६.५, १००७.२, १००७.६, १००६.९, १००७.८, १००७.२. एकही बिंदू १०१० च्या जवळपास गेलेला नाही. तथापि शेवटचे आठही बिंदू मध्यरेषेच्या वर आहेत. यंत्र जर खरोखर १००६ वरच स्थिर असते, तर एखादा बिंदू वर पडण्याचा संभव निम्मा; आठ ओळीने वर पडण्याचा संभव २५६ त एक. एवढा दुर्मीळ योग केवळ दैवाने जुळून आला असे मानण्यापेक्षा काहीतरी बदलले आहे असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते, आणि म्हणूनच आठ बिंदू ओळीने एकाच बाजूस आले की यंत्राची तपासणी करावी असा दंडक आहे. ढळ केवढा, तर सव्वा ग्रॅमपेक्षाही थोडा कमी. पण मिनिटाला दहा पिशव्या या वेगाने आठ तासांच्या पाळीत ४८०० पिशव्या भरल्या जातात, आणि एवढ्याशा ढळाने सुमारे साडेपाच किलो डाळ फुकट जाते. हाच ढळ खालच्या दिशेने असता तर प्रश्न ग्राहकाच्या हक्काचा झाला असता.

कारण कोठे शोधावे? कपाचे यंत्र वजन मोजत नाही, आकारमान मोजते. नव्या पोत्यांतून आलेल्या डाळीत तुकडा अधिक असला की तो अख्ख्या दाण्यांमधील पोकळीत बसतो, तोच कप अधिक वजन धरतो, आणि सरासरी वर सरकते. म्हणून पोती बदलल्याची वेळ नोंदवहीच्या शेऱ्यात असावयास हवी. बिंदू जेथून चढू लागले ती वेळ आणि शेऱ्यातील वेळ जुळली की निदान पुष्कळसे झाले. याउलट यंत्र वजनाच्या तबकावर डाळ तोलून भरणारे असेल, तर तबकाला चिकटलेली धूळ डाळ म्हणून मोजली जाते आणि पिशवी हलकी होत जाते. यंत्राला हात लावण्यापूर्वी मुद्रांकित एक किलोचे वजन तपासणीच्या काट्यावर ठेवून पाहावे, वरचा पंखा बंद करून पाहावे, आणि पिशवीचा नवा रोल चढला असल्यास रिकाम्या पिशवीचे वजन पुन्हा घ्यावे. कारण काटाच चुकत असेल, तर यंत्र फिरवणे म्हणजे निरोगी माणसाला औषध पाजण्यासारखे आहे.

याच ओघात तिसरी समजूत येते, आणि ती कामसू, दक्ष माणसांतच अधिक आढळते. पिशवी चार ग्रॅम जड आली की लगेच यंत्र चार ग्रॅमने खाली आणावे, हलकी आली की वर न्यावे, याला ते दक्षता समजतात. हेतू उत्तम, परिणाम विपरीत. आपल्या उदाहरणात एका पिशवीचे स्वाभाविक विचलन सुमारे ३ ग्रॅम आहे. प्रत्येक पिशवीमागे असा हिशेब चुकता करीत गेल्यास ते सुमारे ४.२ ग्रॅमपर्यंत वाढते, कारण योगायोगाने आलेला फरक आपण हाताने पुढच्या पिशवीवर लादतो. म्हणून एखादा बिंदू मर्यादेबाहेर गेल्याशिवाय किंवा आठांची ओळ पुरी झाल्याशिवाय मूठ फिरवू नये. आठांची ओळ अर्ध्या तासाच्या अंतराने साडेतीन तासांनी पुरी होते, ही या नियमाची खरी उणीव आहे; ज्या काळात ढळाचा संशय असेल, त्या काळात नमुने दर दहा मिनिटांनी घ्यावेत, म्हणजे तीच ओळ सत्तर मिनिटांत पुरी होईल.

अहवालात आलेखाखाली चार ओळींचा तपशील पुरतो : ओळ कोणत्या वेळी सुरू झाली, काटा तपासला तेव्हा काय आढळले, कारण कोणते ठरले, आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या नमुन्याची सरासरी किती आली. ढळलेल्या काळातील बिंदू धरून नव्या मर्यादा मात्र काढू नयेत. तसे केल्यास १००७ हीच नवी मध्यरेषा होऊन बसेल, आणि उद्याच्या पाळीला तोच ढळ आलेखावर दिसणार नाही.