खाणीची किंमत कोणत्या भावाने काढायची?

चीनच्या बंदरात पोचलेलं 62 टक्के लोहाचं खनिज 2011 च्या सुरुवातीला टनाला 190 डॉलरच्या आसपास होतं. 2015 च्या अखेरीस ते 40 डॉलरपर्यंत घसरलं आणि मे 2021 मध्ये 230 च्या वर गेलं. गोव्याच्या खनिजात लोह बहुधा 58 टक्क्यांहून कमी, त्यामुळे त्याला भाव आणखी कमी मिळतो. मग आज खाण विकत घ्यायची, तर कोणता भाव धरायचा?

एक काल्पनिक खाण घेऊ. साठा 50 लाख टन, दरवर्षी 10 लाख टन काढायचा, म्हणजे आयुष्य पाच वर्षांचं. पहिल्या वर्षी टनामागे खर्च 2000 रुपये. पुढे तो दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ महागाई वगळूनची आहे. खड्डा खोल गेला की एक टन खनिजासाठी अधिक माती-दगड हलवावे लागतात, ट्रकची चढण लांबते आणि भूजल उपसणारे पंप वाढतात. पाचव्या वर्षी हा खर्च 2928 रुपयांवर जातो. रॉयल्टी वजा करून टनाला 3000 रुपये मिळत राहिले, तर पहिल्या वर्षी 1000 रुपये सुटतात, शेवटच्या वर्षी जेमतेम 72.

उद्याचा रुपया आजच्यापेक्षा कमी मोलाचा, म्हणून प्रत्येक वर्षाची शिल्लक 12 टक्के दराने आजच्या किमतीत आणायची. बेरीज येते सुमारे 220 कोटी. भाव 3500 धरला तर 400 कोटी. भावातली सहाव्या हिश्शाची वाढ खाणीचं मोल जवळपास दुप्पट करते, कारण खर्च तेवढाच राहतो आणि वाढलेला सगळा पैसा शिलकेत जातो. तेजीत खाणी महाग विकल्या जातात त्या यामुळेच. त्या दिवसाचा भाव पुढच्या सगळ्या वर्षांना लावणं ही मला या हिशेबातली सर्वांत महाग पडणारी चूक वाटते.

आता भाव 2500 धरा. पाचही वर्षं खाण चालवली तर उत्तर 40 कोटी. पण चौथ्या वर्षी खर्च 2662 होतो, म्हणजे प्रत्येक टन तोट्यात. तिसऱ्या वर्षानंतर थांबलं तर मोल 74 कोटी होतं आणि 20 लाख टन जमिनीतच राहतात. कागदावर 50 लाख टन असलेला साठा या भावाला 30 लाखांचाच ठरतो. तक्त्यात ‘आयुष्य पाच वर्षं’ असं ठोकून बसवलं असेल, तर हे दिसतच नाही. म्हणून प्रत्येक वर्षी भाव आणि खर्च शेजारी ठेवून पाहावेत.

मधल्या भावाची शक्यता निम्मी आणि दोन टोकांची पाव-पाव धरली, तर सरासरी मोल सुमारे 228 कोटी येतं. मात्र थांबणं फुकट नसतं. मातीचे ढीग पावसात वाहून शेतात उतरू नयेत म्हणून त्यांना उतार देऊन झाडं लावावी लागतात आणि खड्ड्यात साचणाऱ्या पाण्याची सोय करावी लागते. हा बंद करण्याचा खर्च इथे धरलेला नाही. तो करावा लागणारच, पण खाण तीन वर्षांतच थांबली तर दोन वर्षं आधी येतो, आणि नेमका अशा वेळी, जेव्हा विक्रीतून हातात फारसं काही उरलेलं नसतं.