आधी क्षितिज, मग माणूस, शेवटी मुरूम

गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी काढलेला एका मुलीचा फोटो समोर आहे असं समजा. मागे समुद्र आहे, पण त्याची रेघ डावीकडे झुकली आहे. उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर डोकावतंय, वाळूत पाण्याची रिकामी बाटली पडली आहे, लांबवर एक अनोळखी गृहस्थ उभे आहेत आणि मुलीच्या गालावर ताजा मुरूम आहे. स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये हे सगळं दुरुस्त होतं. नवशिके बहुधा मुरुमाला आधी हात घालतात. सुरुवात करावी क्षितिजापासून, कारण फोटो फिरवला की त्याच्या कडा कापल्या जातात आणि कडेची काही अडगळ त्यातच निघून जाते.

दोन अंशांचा कल ऐकायला किरकोळ वाटतो. पण ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्यामुळे समुद्राचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे १४० पिक्सेल खाली जातं आणि पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं. Rotate उघडलं की ॲप बऱ्याचदा स्वतःच रेघ सरळ करतं. उरलेला फरक बोट फिरवून काढायचा. ४:३ आकार तसाच ठेवला, तर दोन अंशांसाठी फोटोचा साधारण नऊ टक्के भाग जातो, पाच अंशांसाठी जवळपास एकोणीस. म्हणून फोटो काढताना डोक्यावर आणि पायाखाली थोडी मोकळी जागा सोडलेली बरी.

सरळ करायची ती दूरच्या समुद्राची रेघ, लाटांची नव्हे. किनारा तिरका जात असेल, तर फेसाची रेघ फोटोत तिरकीच दिसायला हवी. तलावाच्या पलीकडच्या काठाचंही तसंच आहे. तिथे फोटोच्या मध्याजवळची दीपमाळ किंवा विजेचा खांब पाहून ताळा घ्यावा. कडेचे खांब मात्र विश्वासाचे नाहीत. कॅमेरा वर किंवा खाली झुकवला की ते आत किंवा बाहेर कलतात. त्यासाठी Perspective हे वेगळं साधन आहे.

कोपर कापण्यातच गेलं नसेल, तर Crop ने कड आणखी थोडी आत घ्या. मग Healing उघडा. हे साधन डाग पुसत नाही. ते आसपासचा एखादा तुकडा उचलून तिथे बसवतं आणि त्याचा रंग-उजेड भोवतालाशी जुळवतं. त्यामुळे वाळू, गवत, आकाश अशा एकसारख्या जागी ते झकास चालतं. बाटलीवरून बोट फिरवताना तिची सावलीही त्यात घ्यावी. बाटली गेली आणि सावली राहिली, तर पाहणाऱ्याला लगेच कळतं.

खरी कसोटी त्या गृहस्थांची. त्यांचं डोकं आकाशात आहे, धड समुद्रात आणि पाय ओल्या वाळूत. एका फटक्यात त्यांना पुसलं, तर आकाशाचा तुकडा पाण्यात येतो आणि क्षितिजाला पोक येतं. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी जायचं. आधी डोकं, मग पाण्यावरचा भाग, मग पाय आणि ओल्या वाळूतलं त्यांचं प्रतिबिंब. क्षितिजावरचा छोटा भाग सर्वांत शेवटी. दोन बोटांनी फोटो मोठा केला की तेच बोट त्यावर बारीक ब्रशसारखं चालतं. क्षितिज ओलांडताना रेघेच्या दिशेने आडवा, छोटा फटका द्यावा. नाही जमलं, तर मागे घेऊन पुन्हा. बिघडलेल्या जागेवरच गिरवत बसलं तर ती धुरकट होते.

मग फोटो लहान करून पाहावा. एकच शिंपला दोनदा दिसला किंवा वाळूचे कण एका जागी गुळगुळीत झाले असतील, तर चोरी उघडी पडली. तेच गृहस्थ मुलीच्या केसांना चिकटून उभे असते, तर मी हे साधन उघडलंच नसतं. सुट्या केसांच्या कडा त्याला राखता येत नाहीत. तिथे फोटो कापावा, नाहीतर गृहस्थांना राहू द्यावं.

मुरूम एका टिचकीत जातो. ब्रश त्याच्याहून किंचित मोठा असला की पुरे. चेहऱ्यासाठी मी एक नियम पाळते: महिन्याभरात आपोआप जाणारं ते काढायचं, तीळ, व्रण, खळी तशीच ठेवायची.

घरच्या अल्बमसाठी एवढं पुरे. बातमीच्या फोटोत मात्र क्षितिज सरळ केलेलं चालतं, पण माणूस पुसलेला चालत नाही. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने स्टेपान रुडिक यांचं बक्षीस काढून घेतलं. त्यांनी मूळ फोटो बराच कापला होता आणि कृष्णधवलही केला होता, पण बक्षीस गेलं ते मागच्या एका माणसाच्या पावलाचा छोटासा भाग पुसल्यामुळे.